वर्गणीदार हरी आप्पाजी

नंदकिशोर देवस्थळींचा कुणावरही विश्वास नव्हता आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी बेंगळुरात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. बोल्ट घट्ट बसवलाय असं कुणी सांगितलं, की ते मान डोलवायचे आणि सरळ पाना घेऊन त्या बोल्टकडे जायचे. सरकार त्यांना पगारच त्याचा देत होतं. पण निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय थांबली नाही. व्हाइटफील्डच्या सोसायटीत लिफ्टच्या दाखल्यावरची तारीख ते दर सोमवारी वाचत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की औषधवाल्याला विचारत, आणि औषधवाल्याने सांगितलं की पुन्हा डॉक्टरांना. आमटीत मीठ घातलंय असं बायकोने, कल्पनाताईंनी, सांगितलं तरी पातेल्यात चमचा जायचाच.

“तुमच्यापुढे देव जरी उभा राहिला,” कल्पनाताई म्हणायच्या, “तरी आधी ओळखपत्र मागाल.”

“मागायलाच हवं,” ते अगदी गंभीरपणे म्हणायचे.

बेंगळुरात येण्याआधी त्यांनी नाशिककडे पाटबंधारे खात्यात सहा वर्षं काढली होती. तिथून त्यांनी एकच गोष्ट सोबत आणली, ती म्हणजे एक शब्द. तिथल्या तक्त्यात रकाना रिकामा सोडायची मुभा नव्हती. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. हा शब्द देवस्थळींच्या जिभेवर असा काही बसला की घरात साखर संपायची नाही, ‘साखर निरंक’ व्हायची. लेक ऋचा बालवाडीत असताना बाईंनी इंग्रजीत विचारलं, आज डब्यात काय आणलंस? डबा घरी राहिला होता. पोरीने ऐटीत सांगितलं, निरंक. बाईंना तो एखादा महाराष्ट्रीय पदार्थ वाटला.

तीच ऋचा आता एकोणतीस वर्षांची होती. आयटी पार्कमधली चांगली नोकरी सोडून ती संगणकावरचा एक खेळ बनवत होती. बरोबर होती रंजिता, निपाणीकडची. कोड सगळा तिचा. रचना आणि लिखाण ऋचाचं. के. आर. पुरममध्ये एका औषधाच्या दुकानावर दोघींची दोन खोल्यांची कचेरी होती. खेळाचं नाव ‘नीरगंटी’. गावच्या तळ्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणाऱ्याला कर्नाटकात नीरगंटी म्हणतात. खेळातला नीरगंटी मात्र देवनहळ्ळीच्या बाजूच्या, नव्याने प्लॉट पडलेल्या एका वस्तीतला आहे. त्याच्या हातात व्हॉल्व्हची लांब दांडी आहे, भागवायची घरं चाळीस आहेत आणि पाणी वीस घरांपुरतं. रोज सकाळी घराघरांतून फोन येतात. कुणाची टाकी खरंच कोरडी असते, कुणाची भरलेली असून तो रडत असतो. कुणाचं खरं मानायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. हे चाळीस घरांचे फोन लिहायला ऋचाला दीड वर्ष लागलं होतं.

खेळासाठी दोघींनी लोकांकडून आधीच वर्गणी गोळा केली होती. त्यासाठी इंटरनेटवर व्यवस्था असते. आपण काय बनवणार, कधी देणार ते तिथे लिहायचं, पटलं तर लोक पैसे देतात, आणि मग काम कुठवर आलं ते त्यांना अधूनमधून निवेदनातून कळवायचं. देवस्थळींना हे सगळं गणपतीच्या वर्गणीसारखंच वाटलं, फक्त गणपती दीड वर्षाने बसणार होता. “माझ्याकडून घे हवे तर,” ते लेकीला म्हणाले होते. तिने नको म्हटलं. तेवढ्यावर स्वस्थ बसणारा माणूस तो नव्हे. लेक बापाला एक सांगणार आणि लोकांना दुसरंच. लोकांना काय सांगते ते आपल्याला कळलं पाहिजे. म्हणून त्यांनी ‘हरी आप्पाजी, कोल्हापूर’ अशा नावाने खातं उघडलं आणि गुपचूप वर्गणी भरली. ज्या गटातल्या वर्गणीदारांना परीक्षक म्हणून खेळ बाहेर येण्याआधी चाचणीसाठी मिळतो, त्याच गटात भरली. चाचणी म्हटल्यावर त्यांना राहवलं नसतंच.

जानेवारीत चाचणीची प्रत आली. हरी आप्पाजी आठवडाभर रोज सकाळी चहा घेऊन बसले आणि मन लावून खेळले. शेवटी एक प्रश्नावली भरून दिली. गंमत अशी, की इतकं चोख खोटं नाव घेणाऱ्या या माणसाला त्यात कुठेही चोरी वाटली नाही. तपासणी सांगून करत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

खेळ युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, बाहेर यायचा होता. युगादी गेली. आणि एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी चौदावं निवेदन आलं.

निवेदन लहान होतं. खेळ आता युगादीऐवजी दिवाळीला येईल. काही परीक्षकांच्या खेळण्यावरून असं दिसलं की मूळ रचनेत दोष आहे, त्यामुळे महत्त्वाचे बदल करत आहोत. उशीर होतोय याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. खाली खेळाचं एक चित्र आणि दोघींची नावं.

देवस्थळींनी ते छापून काढलं आणि लाल पेन घेतलं. ‘काही परीक्षक’ या शब्दांखाली रेघ: किती? ‘दोष’खाली रेघ: कोणता? ‘महत्त्वाचे बदल’खाली दोन रेघा. आयुष्यभर उशिराचे अहवाल वाचलेला माणूस. ज्याला कारण सांगायचं नसतं तो दिलगिरी ठळक लिहितो, हे त्यांना पाठ होतं. मग त्यांनी भिंग घेऊन चित्र पाहिलं. खेळाच्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. तारीख फेब्रुवारीची होती.

म्हणजे अडीच महिन्यांत नवं काहीच झालेलं नाही!

आणि मग त्यांना मंगळवारची गोष्ट आठवली. मंगळवारी दुपारी व्हाइटफील्डच्या एका आयटी पार्कच्या फाटकातून रंजिता बाहेर पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली. तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे होते. हाक मारली नाही, कारण हाक मारली की माणूस सावध होतो. आता सगळं जुळलं. रंजिताने नोकरी धरली. काम बंद पडलं. आणि आपली लेक एकतर फसवली जातेय, नाहीतर स्वतःच लोकांना फसवतेय. यातलं कोणतं अधिक वाईट, ते त्यांना ठरवता येईना.

“ऋचाला फोन करून विचारा ना सरळ,” कल्पनाताई म्हणाल्या.

“ती सांगेल ते खरंच असेल कशावरून?”

कल्पनाताई कपडे वाळत घालायला निघून गेल्या.

रविवारी सकाळी हरी आप्पाजींनी निवेदनाखाली जाहीर टिप्पणी टाकली: “चित्रावरील दिनांक पाहावा. चित्र फेब्रुवारीचे आहे. परीक्षक किती, दोष कोणता, बदल कोणते, याचा कुठेही उल्लेख नाही. तरी मधल्या अडीच महिन्यांतील प्रगती निरंक समजावी काय?”

संध्याकाळपर्यंत त्या टिप्पणीखाली रांग लागली. कुणी म्हणालं, बरोबर आहे. कुणी म्हणालं, आम्हालाही शंका होतीच. एकाने लिहिलं की या मुली आता गायब होणार, बघत राहा. दुसऱ्याने वर्गणी परत मागितली, मग आणखी अकरा जणांनी मागितली. देवस्थळी दर पंधरा मिनिटांनी पान उघडून बघत होते. सुरुवातीला बरं वाटलं. मग ‘चोर’ हा शब्द आला, आणि तो आपल्या लेकीसाठी आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला. तो पुसावा म्हणून त्यांनी बोट फिरवून पाहिलं. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याला पुसता येत नाही.

सोमवारी त्यांनी मेट्रो पकडली आणि के. आर. पुरमला उतरले. खरं काय ते आता समोरच बघायचं.

कचेरीचं दार उघडं होतं. रंजिता लॅपटॉपपुढे मांडी घालून बसली होती. तिच्या मागे भिंतीवर चाळीस घरांची चाळीस चिठ्ठ्यांची रांग होती आणि प्रत्येक चिठ्ठीखाली आणखी तीन-तीन चिकटवलेल्या. ऋचा खिडकीपाशी होती. तिने वडिलांकडे पाहिलं, “या बाबा” म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. डोळे सुजलेले होते.

“बसा की काका,” रंजिता म्हणाली. “स्वल्प पसारा हाय, तेवढं सांभाळून घ्या. आज आमची वरात निघालीया.”

देवस्थळी बसले नाहीत. “रंजिता, तू मंगळवारी व्हाइटफील्डला होतीस ना? गळ्यात कार्ड होतं.”

“होते की. पाहुण्याचं कार्ड वो ते, फाटकावर देतात. मैत्रीण हाय तिथं कामाला. तिथल्या कँटीनमधे बायका भांडी घासतात, रोपांना पाणी घालतात, त्यांच्याकडनं खेळून घेतलं नवीन. त्यांच्या घरी टँकरचं पाणी येतंय. त्यांच्याएवढं कुणाला कळतंय पाणी?” ती हसली. “तुम्ही बघितलासा आन् हाक नाही मारला?”

देवस्थळींनी विषय बदलला. “आणि ते चित्र? फेब्रुवारीचं?”

“ते चुकलं आमचं,” ऋचा पाठमोरीच म्हणाली. “आधीचं आणि आताचं अशी दोन चित्रं टाकायची होती. दुसरं चढलंच नाही. मी तपासलं नाही.” शेवटचं वाक्य तिने जरा सावकाश उच्चारलं.

“मग दोष काय होता ते स्पष्ट लिहायचं! लोक संशय घेणार नाहीत तर काय करतील?”

“लिहितोय की आता,” रंजिता म्हणाली. “पंधरावं निवेदन. त्या हरी आप्पाजीनं लिहायला लावलंच. बघा, तुम्ही इंजिनियर माणूस, तुम्हाला कळंल.” तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि सांगायला लागली.

जुन्या खेळात फोन आला की दोन मार्ग होते. ऐकून ठरवायचं, किंवा त्या घरी जाऊन टाकीचं झाकण उघडून बघायचं. बघायला वेळही जात नसे आणि काही तोटाही नसे. दोघींना वाटलं होतं, लोक कधीमधी बघतील. पण पन्नास परीक्षकांत सात नंबरचा एक निघाला. त्याने पहिल्या दिवशीच दोन गोष्टी ओळखल्या: बघणं फुकट आहे आणि फोनची गरजच नाही. तो रोज सकाळी चाळीसच्या चाळीस टाक्या उघडून बघायचा आणि मगच दांडी फिरवायचा. एवढ्यावर थांबला नाही. परीक्षकांच्या गटात त्याने सूचना लिहून टाकली: फोन उचलू नयेत, वेळ जातो, थेट टाकी पाहावी. लोकांना ते पटलं, कारण जिंकायचा तोच पक्का मार्ग होता. पुढच्या आठवड्यात पन्नासातले एकतीस जण फोन न उचलता खेळत होते.

“म्हंजे बघा काका,” रंजिता म्हणाली, “हिनं दीड वर्ष फोन लिहिला. एकतीस लोकांनी एक पण ऐकला नाही.”

ऋचाने दीड वर्ष घातलं होतं आणि त्यांनी स्वतः त्यातला एकही फोन ऐकला नव्हता. एकही नाही. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

“मग बघायला वेळ लागेल असं करायचं,” ते कसेबसे म्हणाले. “सोपं आहे.”

“केलं की फेब्रुवारीत. लोक कंटाळत बघत राहिले, पण बघायचं सोडलं नाहीत. मजाच गेली. मग हिनं मूळच बदललं. आता घरांना आठवण राहते. तुम्ही जाऊन झाकण उघडलासा आन् टाकी खरंच कोरडी निघाली, तर त्या घराला लागतं ते. पुढचा फोन तुटक येतो. त्याच्या पुढचा उशिरा येतो. मग येतच नाही. टाकी कोरडी असली तरी फोन येत नाही.” तिने भिंतीकडे हात केला. “म्हणून एकेका घराचे तीन-तीन तऱ्हेचे फोन लिहावे लागले, परत आवाज भरावे लागले, पाण्याचं गणित सगळं परत मांडावं लागलं. जुना खेळ अर्धा सोडलेला असंल तर तो पण नव्यात चालत नाही. दिवाळी उगीच म्हटली नाही वो.”

हे सगळं खरं होतं. देवस्थळींनी एकतीस वर्षांत पुष्कळ कारणं ऐकली होती आणि खरं कारण कानाला कसं लागतं हे त्यांना कळायचं. त्यांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मग हे चौदाव्या निवेदनात का नाही घातलंत?”

“तेच मी म्हणत होते! सात नंबरचं सगळं लिहू या म्हटलं. ही नको म्हणाली.” रंजिताने प्रश्नावली उघडली. “आन् हे वाचा. चंद्राबाई म्हणून एक म्हातारी हाय खेळात, चाळिसातली एकटी, जी एकदा पण खोटं बोलत नाही. तिच्या टाकीचं झाकण या माणसानं एकोणीस वेळा उघडलं. आन् शेवटी आम्ही विचारलं होतं, कोणावर विश्वास ठेवलासा? तर हे बघा उत्तर. काका, निरंक म्हंजे काय वो? कालच्या त्या टिप्पणीत पण हाच शब्द. आमच्याकडं नाही हा.”

खालच्या दुकानाचं शटर वाजलं. देवस्थळी भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे वळले.

“शून्य,” ऋचा म्हणाली. “काहीच नाही. नाशिककडचा सरकारी शब्द आहे. आमच्या घरी वापरतात.”

रंजिताने आधी ऋचाकडे पाहिलं, मग काकांकडे. मग तिला एकदम चहा करायची आठवण झाली आणि ती आतल्या खोलीत गेली.

“तुला जानेवारीपासून माहीत होतं,” देवस्थळी म्हणाले.

“हो.”

“बोलली नाहीस.”

“काय बोलणार होते? लोकांना सांगू, की माझ्या वडिलांनी खोट्या नावाने येऊन माझा खेळ मोडला?” तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. “मोडला ते बरंच झालं बाबा. दोष होताच, तुम्ही दाखवलात. त्याचं मला काही नाही. पण कालचं? कालचं मला फोनवर विचारता आलं नसतं?”

“तू हल्ली फोन करत नाहीस.”

“मी फोन करते, जेवले म्हणून सांगते. मग तुम्ही आईला विचारता, ही खरंच जेवली असेल का. आई मला सांगते. मग मी काय करू फोन करून?”

चंद्राबाई तिने कुणावरून लिहिली, हे आता कुणी सांगायची गरज राहिली नाही. देवस्थळींना लाज वाटली. साधी, सरळ लाज. कारखान्यात कधी वाटली नव्हती तशी. ते खुर्चीत बसले.

“निवेदनात नाव घाल,” ते म्हणाले. “सात नंबरचा परीक्षक म्हणजे नंदकिशोर देवस्थळी, ऋचाचे वडील. टिप्पणीही त्यांचीच, आणि न विचारता केलेली. चित्र चुकून राहिलं, काम चालू आहे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. असं घाल.”

“लोक हसतील तुम्हाला.”

“हसू देत. चोर तर म्हणणार नाहीत तुला.”

ऋचाने लिहायला घेतलं. रंजिताने चहा आणून ठेवला आणि शेजारी उभी राहून वाचत राहिली. लिहून झाल्यावर ऋचाने लॅपटॉप वडिलांसमोर सरकवला.

“वाचून बघा. पाठवायच्या आधी.”

देवस्थळींचा हात सवयीने खिशातल्या चष्म्याकडे गेला. पान भरून मजकूर होता, त्यात आकडे होते, तारखा होत्या, त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांनी हात परत मांडीवर ठेवला.

“नको. तू लिहिलंयस ना? पाठव.”

ऋचा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने रंजिताकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. “नक्की? नंतर काही काढणार नाही ना त्यातून?”

“नक्की.”

तिचा विश्वास बसला नव्हता. त्यांना ते स्वच्छ दिसलं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, सगळं निवेदन पहिल्यापासून एकेक ओळ पुन्हा वाचून काढलं, त्यांच्या नावाचं शुद्धलेखन दोनदा पाहिलं आणि मगच बटण दाबलं.